पडवीतला हॅमॉक: दोन जांभ्याच्या भिंती आणि दोन आय बोल्ट (प्रकल्प नोंदी)

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ताईने ओवाळणीच्या ताटात उलट मलाच भेट ठेवली. सुती हॅमॉक, दोन माणसं मावतील असा रुंद, दोन्ही टोकांना कापड चुण्या करून बांधलेलं आणि पुढे दोरीचे फास. फासापासून फासापर्यंत टेपने मोजला, बरोबर ३०० सेंटिमीटर.

आईने उलगडून पाहिला आणि म्हणाली, "ही तर झोळी. तू पाच महिन्यांचा होईपर्यंत माजघरात वाशाला टांगलेली होती. एक कडी लाव वर आणि बांध."

झोळीला एक कडी पुरते, कारण ती सरळ खाली लोंबते. वाशाला फक्त पोराचं वजन तोलायचं असतं. ओटीवरचा झोपाळाही तसाच, चारी कड्या तुळईला खाली ओढतात आणि तुळई त्यासाठीच असते. हॅमॉक मात्र दोन भिंतींमध्ये आडवा टांगला की भिंतींना एकमेकींकडे ओढतो. भिंत वरून येणारा भार पेलायला बांधलेली असते, असं कडेने ओढून घ्यायला नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग झोपाळ्यावर झोप.

४ नोव्हेंबर

जागा कुठली, हा पहिला प्रश्न. आईचं मत अंगणात: घराच्या भिंतीला एक टोक, कंपाउंडला दुसरं. कंपाउंड जांभ्याचंच आहे, ९ इंच जाड, १.७ मीटर उंच, वर काही नाही, दोन्ही बाजूंना कोपरा लांब. दिसायला भक्कम. पण कागदावर मांडून पाहिलं.

हॅमॉकच्या ओढीचा सगळा भार भिंतीच्या २ मीटर लांबीवर पसरतो असं उदारपणे धरलं. तेवढ्या भागाचं वजन: ०.२३ × २ × १.७ घनमीटर, जांभा घनमीटरला सुमारे २ टन, म्हणजे साधारण १५६० किलो. भिंत आत कलंडायची तर पायाच्या आतल्या कडेवर फिरणार. तिला रोखणारं वजन त्या कडेपासून अर्ध्या जाडीवर, ११.५ सेंटिमीटरवर. १५६० × ०.११५, म्हणजे १८० किलो-मीटर.

आता ओढ. दोन माणसं मिळून १५० किलो, दोरी आडव्याशी ३० अंशात, तर भिंतीवर आडवी ओढ १३० किलो (हिशेब खाली येतोच). ती जमिनीपासून १.५७ मीटरवर, म्हणजे २०४ किलो-मीटर. रोखणाऱ्यापेक्षा जास्त. सिमेंटची पकड थोडी मदत करेल, पण त्या पकडीच्या भरवशावर पोरांना झोपवायचं नाही. कंपाउंड बाद. मोकळ्या उभ्या भिंतीला हॅमॉक बांधू नये, ती दगडाची असली तरी.

राहिली घर आणि कोठीमधली पडवी. वर कौलं, दोन्ही भिंतींच्या डोक्यावर छपराचा भार, दोन्हींना आतून आडव्या भिंती जोडलेल्या. अंतर मोजलं: ३४५ सेंटिमीटर. कोठीची भिंत ९ इंची, उघड्या चिऱ्याची, चिऱ्यांमधले सांधे म्हणजे दर्जा भरलेली. घराची भिंत १४ इंची, दोन्हीकडून गिलावा, पलीकडे स्वयंपाकघर. आडव्या भिंती जिथे येऊन मिळतात त्या रेषेच्या जवळ बोल्ट आला तर सगळ्यात चांगलं. दार-खिडकीच्या कडेचा चिरा मात्र टाळायचा, त्याला एका बाजूने आधारच नसतो.

९ नोव्हेंबर

भोकं पाडण्याआधी हॅमॉक खरंच किती खाली येतो ते पाहायचं होतं. अंगणातला आंबा आणि फणस कामाला आले. (कायमचा तिथेच का नाही? आंब्यावर लाल मुंग्या आहेत.)

टांगणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: दोन टोकांमधलं सरळ अंतर हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवावं. ३०० चे ८३ टक्के म्हणजे २४९. एवढ्याच लांबीची न ताणणारी सुतळी दोन फासांमध्ये बांधली, की झाडं जवळ असोत वा लांब, हॅमॉकचा पोट सोडलेला आकार तोच राहतो. यापेक्षा ताणला तर कापड खांद्यावर दोन्हीकडून आवळतं आणि माणूस पुरणपोळीच्या सारणासारखा गुंडाळला जातो. जास्त सैल सोडला तर पाठीचं धनुष्य होतं.

मी झोपलो, बायकोने सुतळीपासून कापडाच्या तळापर्यंत टेप लावली. ७८ सेंटिमीटर. हा आकडा महत्त्वाचा, पुढची सगळी उंची यावरच ठरणार.

सरळ झोपलो तेव्हा पाय वर, कंबर खाली. थोडं तिरकं, म्हणजे डोकं एका काठाला आणि पाय दुसऱ्या काठाला नेले तर पाठ जवळजवळ सपाट. बायको म्हणाली, "हे आधी वाचलं होतंस ना? मग दहा मिनिटं मला टेप धरून का उभं केलंस?"

१० नोव्हेंबर

कोनाचा हिशेब. दोरीतला ताण T, वजन W, दोरीचा आडव्याशी कोन θ:

```
T = W / (2 × sin θ)
आडवी ओढ = W / (2 × tan θ)
```

माझं वजन ७८ किलो. ३० अंशाला sin अर्धा, म्हणून प्रत्येक दोरीत ताण नेमका ७८ किलो. लक्षात ठेवायला सोपं: ३० अंशात प्रत्येक बोल्टवर एक अख्खा माणूस. ४५ अंशाला ५५ किलो. उलट्या दिशेने गेलं की गंमत संपते. २० अंशाला ११४, १० अंशाला २२५ आणि ५ अंशाला ४४७ किलो. माणूस तोच, बोल्ट तोच, फक्त दोरी ताणून "छान सरळ" बांधली की पाव टन कुठून येतो ते कळतच नाही. वर धपकन बसलं की यातला प्रत्येक आकडा दुप्पट होऊ शकतो.

म्हणून सगळा हिशेब दोघांच्या १५० किलोवर आणि ३० अंशावर: ताण १५०, त्यातली आडवी ओढ १३०, खाली ७५.

मग उंची. भिंतींमधलं अंतर ३४५, हॅमॉकची सरळ लांबी २४९, उरले ९६. प्रत्येक बाजूला ४८. ३० अंशात ४८ सेंटिमीटर आडवं जायचं तर दोरी २८ सेंटिमीटर वर चढते. खाली बसायची उंची खुर्चीएवढी, ४५. म्हणजे बोल्ट ४५ + ७८ + २८ = १५१ वर. सुती कापड आणि गाठी पहिल्या आठवड्यात बसतात, त्याचे ६ वाढवले. १५७.

भिंती २५० पेक्षा जवळ असत्या तर हा हॅमॉक तिथे बसलाच नसता, कितीही उंच टांगला तरी. आणि साडेचार मीटरच्या पुढे गेलं असतं तर उलट अडचण: दर बाजूला मीटरभर दोरी, ती ३० अंशात चढवायला बोल्ट दोन मीटरच्या आसपास. आपल्या पडवीचं अंतर नशिबाने बरं निघालं.

१६ नोव्हेंबर

दुपारी दुकानात. "आय बोल्ट" मागितला तर वाकवलेल्या सळईचा दिला. डोळ्याचं तोंड जिथे मिळतं तिथे नखाएवढी फट. त्यात जोर आला की डोळा उलगडतो. परत केला. फट नसलेला, घडवलेला डोळा हवा, आणि तो मशिनरी सामानाच्या दुकानात मिळाला. १२ मिलिमीटर आट्याच्या अशा डोळ्याला सरळ ओढीत ३४० किलो आणि ४५ अंश तिरक्या ओढीत २४० किलो कामाचा भार धरतात. आपली ओढ बोल्टच्या अक्षाशी ३० अंश तिरकी, १५० किलो. बसतं. १० मिलिमीटरच्या डोळ्याला तिरक्यात १७०. तोही बसला असता, पण अगदी काठावर.

फक्त या डोळ्याचा आटा जेमतेम दोन सेंटिमीटर लांब, यंत्राच्या लोखंडात पिळायला केलेला. भिंतीसाठी निरुपयोगी. त्याचाच भाऊ म्हणजे आय नट: डोळा तोच, पण खाली आतून आटे. तो १२ मिलिमीटरच्या अख्ख्या आट्याच्या सळईवर चढवला की हव्या त्या लांबीचा आय बोल्ट तयार. दोन आय नट, एक मीटर सळई, नट, मोठे वायसर. दुकानदाराने "भिंतीत लावायला हे घ्या" म्हणून दोन डॅश फास्टनरही बांधून दिले.

१७ नोव्हेंबर

आजचा दिवस फास्टनरचा, आणि शिकवणीचा.

गोठ्याच्या जुन्या भिंतीवर, जिथे काही बिघडलं तरी चालेल, तिथे एक फास्टनर बसवून पाहिला. चिऱ्याच्या मधोमध भोक. ड्रिल हॅमरवर लावला होता, चिऱ्याच्या तोंडावर बोटाएवढा टवका उडाला. फास्टनर आत घातला, पान्याने आवळायला लागलो. काँक्रीटमध्ये चार-पाच फेऱ्यांनंतर पाना जड होतो आणि थांबतो. इथे तो जड झाला, मग पुन्हा हलका झाला, आणि फिरतच राहिला. बोल्ट हळूहळू बाहेर येत होता. डोळ्यात दोरी ओवून मी आणि शेजारचा पोरगा दोघांनी ओढली, तर नळीसकट सेंटिमीटरभर बाहेर आला आणि भोकातून लाल भुकटी ओघळली.

मिस्त्री संध्याकाळी कोठीची कौलं बघायला आले होते. भुकटी बोटावर घेऊन म्हणाले, "अहो भाऊ, जांभ्यात डॅश धरत नाही. तो फुगून धरतो. फुगायला समोर कडक पाहिजे ना? हा दगड आहे भाकरीसारखा. बाहेरून टणक, आत जाळी."

खरंच तसं आहे. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून वरचा थर टणक होतो. आत पोकळ्या, आणि कुठे कुठे पिवळी-पांढरी माती भरलेली. फास्टनरची नळी फुगून दोन-चार चौरस सेंटिमीटरवर दाब टाकते, तेवढी जागा भरडली की पकड गेली. बाहेरून दिसतही नाही. म्हणून सांगायची खूण एकच: आवळताना पाना जड होऊन पुन्हा हलका झाला, तर तो फास्टनर मेला असं समजावं. अजून एक फेरी मारून तो जिवंत होत नाही.

जाता जाता: या दगडाला इंग्रजीत जे नाव आहे ते फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. विटेसारखा कापून भिंतीत घालतात हे पाहून. त्यालाही तो दगडापेक्षा वीटच वाटला होता तर.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

मत देऊन दहा वाजता कामाला. आज कोठीची बाजू, आणि तिथे उपाय सोपा: आरपार. भिंतीला भोक, सळई पलीकडे, पलीकडे लोखंडी पत्रा आणि नट. मग दगडाने सळईला धरायची गरजच नाही. पत्रा भिंतीला मागून धरतो, भिंत दाबली जाते, आणि दाब सोसणं हे तर भिंतीचं रोजचं काम.

पत्रा फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आणला: १५ बाय १५ सेंटिमीटर, ८ मिलिमीटर जाड, मधोमध १४ चं भोक, रेड ऑक्साइड मारलेला. १३० किलो ओढ २२५ चौरस सेंटिमीटरवर वाटली की चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅमही येत नाही. मऊ चिऱ्यालाही हे काहीच नाही.

उंचीचा घोळ इथे झाला. माझा आकडा १५७. पण चिरे ७ इंच उंच, दर्जा अर्ध्या इंचाची, आणि १५७ ला मोजलं तर भोक चिऱ्याच्या खालच्या काठाजवळ, दर्जेपासून दीड इंचावर येत होतं. तिथे आरपार पाडलं असतं तर खालचा ओठ तुटला असता. चिऱ्याचा मध्य १६२ वर. पाच सेंटिमीटर वर गेलो. त्याने काय होतं? टांगताना तळ ५१ वर ठेवायचा, म्हणजे दोरी चढणार १६२ उणे ५१ उणे ७८, ३३ सेंटिमीटर. आडवे ४८. कोन साडेचौतीस अंश. ताण १५० वरून १३२ वर आला. थोडं उंच गेल्याने नुकसान काहीच नाही, फक्त दोरी ५८ सेंटिमीटर लागेल. खाली गेलो असतो तर उलटं झालं असतं. चिऱ्यात बसत नसेल तर वर सरकावं, हा आजचा निष्कर्ष.

ड्रिल या वेळी हॅमरशिवाय, नुसता फिरवत. आधी ६ मिलिमीटरचं बारीक भोक, मग १४. पलीकडून टवका उडू नये म्हणून शेवटचा इंचभर कोठीच्या आतून पाडला. आतला पत्रा सुक्या भिंतीवर कधीच सपाट बसत नाही, म्हणून त्याखाली सिमेंटचा पातळ थर दिला आणि नट फक्त हाताने लावून ठेवला. सिमेंट वाळल्यावर पान्याने आवळायचा, तोही बेताने. आवळण्याने इथे पकड वाढत नाही, चिरा मात्र भरडतो.

२१ नोव्हेंबर

घराची बाजू. इथेही आरपारच करणार होतो. पलीकडे स्वयंपाकघराच्या टाइल्स, आणि त्या टाइल्सवर आईची मसाल्याच्या डब्यांची मांडणी. "माझ्या ओट्यावर लोखंडाचं पान लावशील तर हॅमॉक तुझ्या ऑफिसात बांध." विषय संपला.

म्हणून इथे केमिकल अँकर. सळई भोकात चिकटवायची. ही पकड फुगून नाही, सळईच्या सगळ्या लांबीभर चिकटून येते, म्हणून मऊ दगडालाही चालते. पण पोकळ्यांचा दगड असल्याने डिंक नुसता भोकात सोडला तर तो पोकळीत निघून जातो. त्यासाठी जाळीची नळी मिळते. ती भोकात बसवायची, तिच्यात डिंक भरायचा, सळई घालताना तो जाळीतून बाहेर दाबला जातो आणि दगडाच्या खाचांत शिरतो. नळीला भोक २० मिलिमीटर, खोली मी २० सेंटिमीटर घेतली. १४ इंची भिंतीत पुढे अजून पंधरा उरतात.

गिलाव्यामागे चिरा कुठे आणि दर्जा कुठे ते दिसत नाही. ड्रिलची भुकटी बघायची. पहिले दीड सेंटिमीटर करडी, तो गिलावा. नंतर लाल यायला हवी. १६२ वर माझी करडीच येत राहिली, म्हणजे बरोबर दर्जेत घुसलो होतो. थांबलो, ते बारीक भोक बुजवलं आणि ९ सेंटिमीटर वर नवं घेतलं. करडी, मग लाल. मध्ये एकदा ड्रिल एकदम सेंटिमीटरभर आत धावला आणि पिवळसर माती आली. पोकळी. पुढे पुन्हा लाल आणि कडक. एवढी चालते. पाच सेंटिमीटर सलग पिवळी आली असती तर हे भोकही सोडलं असतं.

आता दोन बोल्ट एका उंचीवर नाहीत. मिस्त्री नळीत पाणी भरून लेव्हल काढायला निघाले होते, त्यांना म्हटलं राहू द्या. उंच बाजूला पाय करायचे. पाय जरा वर असले तर माणूस झोपेत पायथ्याकडे घसरत नाही. त्या बाजूची दोरी थोडी लांब लागेल आणि कोन ४० च्या आसपास जाईल, म्हणजे ताण आणखी कमी.

२३ नोव्हेंबर

सकाळी चिकटवलं. जास्त वेळ सफाईला गेला आणि तो जायलाच हवा. भोकात भुकटी राहिली तर डिंक दगडाला नाही, भुकटीला चिकटतो, आणि सळई डिंकासकट बाटलीच्या बुचासारखी निघते. सायकलच्या पंपाने फुंकलं, बाटली घासायच्या ब्रशने घासलं, पुन्हा फुंकलं, पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा फुंकल्यावर भुकटी यायची थांबली. तोंडाने फुंकू नये, सगळी डोळ्यात येते (अनुभव).

डिंकाच्या नळकांड्यात दोन पदार्थ असतात आणि ते तोटीत मिसळतात. पहिला वीतभर डिंक कागदावर काढून टाकला, कारण त्यात दोन रंगांच्या रेघा होत्या. एकसारखा करडा यायला लागल्यावर तोटी भोकाच्या तळाशी नेली आणि भरत भरत मागे आणली. हिशेबाने चाळीस मिलिलीटर पुरायला हवं. बंदुकीचा खटका मध्येच हलका लागला, मागून दाब येईना. ती परवाची पोकळी. भरत राहिलो, शेवटी दाब आला. निम्मं नळकांडं संपलं.

सळई फिरवत फिरवत आत. तोंडाशी थोडा डिंक बाहेर आला, म्हणजे आत पूर्ण भरलं. नळकांड्यावर घट्ट व्हायची वेळ दिली होती, तरी उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही असा कागद चिकटवला. तरी आईने सळईला पिशवी अडकवायचा विचार करून पाहिला, असं ती स्वतःच म्हणाली.

२४ नोव्हेंबर

आय नट चढवले. डोळा फिरवून त्याचं वर्तुळ उभं आणलं, म्हणजे दोरीची ओढ डोळ्याच्या पातळीतच येते. आडवा ठेवला तर दोरी त्याला कडेने वाकवते, आणि मघाचा २४० किलोचा आकडा तिथे लागू होत नाही. मागून एक साधा नट आवळून डोळा जागीच धरून ठेवला.

सुती फास थेट लोखंडात न घालता मध्ये डी शॅकल, आणि दोरी १० मिलिमीटरची पॉलिस्टरची. नायलॉन ताणली जाते, रात्रीत हॅमॉक जमिनीला टेकतो.

कोन मोजायला पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक. मधल्या खुणेला दोरा आणि दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, दोरीला लावला. कोठीकडे ३५ च्या आसपास, घराकडे ४० ला जरा कमी. ठरवलं तसंच.

मग परीक्षा. सिमेंटच्या तीन पोत्यांत वाळू, घरातल्या वजनकाट्यावर एकेक चढवून, मिळून १६२ किलो. हॅमॉकमध्ये एकेक करून अलगद ठेवली. दोरीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे पोरीला दोनदा सांगितलं. पत्र्याभोवती पेन्सिलची रेघ, सळईवर गिलाव्याला लागून दुसरी रेघ, दोन डोळ्यांतलं अंतर टेपने. रात्रभर तसंच.

२५ नोव्हेंबर

सकाळी सात. कोठीकडची रेघ जागेवर. घराकडची रेघ जागेवर. डोळ्यांमधलं अंतर तेवढंच. गिलाव्यावर केसाएवढीही भेग नाही. कापड मात्र बसलं: तळ ५१ चा ४४ वर आला. ठरवलं होतं ४५.

पोती उतरवायला वर चढवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पहिला झोपलो मी. मग आई आली, सरळ झोपली, म्हणाली पाठ दुखते. तिरकी झोपवली. दहा मिनिटांनी घोरत होती.

१५ जून २०२५

पावसाच्या आधी हॅमॉक धुऊन माळ्यावर टाकला. पाणी पडवीत तिरकं येतं, सुती कापड चार दिवसांत बुरशी धरतं. आय नटना ग्रीस लावून पिशव्या बांधल्या. कोठीतल्या पत्र्याचा नट तपासला, हलला नाही. घराकडच्या सळईची पेन्सिल रेघ अजून दिसते.

२८ जून

शनिवारी गावी गेलो तर दोन्ही पिशव्या काढलेल्या. दोन डोळ्यांमध्ये नायलॉनची दोरी, तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली, आणि तिच्यावर घरभराचे ओले कपडे. कोनमापक आणला. तीन अंश. कपडे दहा किलो धरले तरी दोरीत ताण ९६ किलो, म्हणजे मी झोपतो त्याहून जास्त. भरपूर झोळ देऊन सैल केली.

आईने दुपारी पुन्हा ताणली. झोळ दिला की धोतराचे सोगे चिखलात जातात म्हणे.